अर्जात बेड, बिल आणि समन्वय कसा दाखवायचा?

कृष्णाकाठ: मिरजेत ६० बेडच्या हॉस्पिटलात फ्लोअर मॅनेजर आहे. सांगलीत ॲडमिनिस्ट्रेटरच्या जागेसाठी अर्ज करतोय. ‘ऑक्युपन्सी ८५ टक्के ठेवली, बिलिंग अचूक, डॉक्टर-स्टाफ समन्वय उत्तम’ एवढं लिहिलंय. पुरेसं आहे का?

वारणेचा: नाही. डिस्चार्ज रखडले तरी बेड भरलेलेच दिसतात, त्यामुळे ८५ टक्क्यांवरून तुमचं काम कळत नाही. एप्रिल आणि जून शेजारी ठेवा. दोन्हीकडे १,८०० बेड-दिवस. समजा दोन्ही महिन्यांत १,५३० भरले. पण एप्रिलमध्ये ३०६ पेशंट घरी गेले आणि जूनमध्ये ३४०, तर सरासरी मुक्काम ५ दिवसांवरून साडेचारवर आला. ऑक्युपन्सी तीच, पेशंट ३४ जास्त. हे लिहा, आणि कशामुळे झालं तेही लिहा.

मिरज ओपीडी: मला पटत नाही. मोतीबिंदूचे पेशंट वाढले तरी मुक्काम कमी होतो, त्यात मॅनेजरचं काय? आपल्याकडे मालक डॉक्टरच मुलाखत घेतात. ते आकडे बघत नाहीत, जुन्या ठिकाणी फोन करून माणूस कसा आहे ते विचारतात.

वारणेचा: मोतीबिंदूचं बरोबर आहे, म्हणून एकाच वॉर्डाचे आकडे द्या. पण फोन करायच्या यादीत नाव यायला आधी अर्ज वाचला जावा लागतो.

वॉर्ड सिस्टर: आमच्याकडे सर राउंडला डिस्चार्ज सांगून ओटीत जातात. समरी आरएमओकडे अडते, फार्मसी रिटर्न आमच्याकडे, आणि बिलिंगवाले उशिराचं खापर नर्सिंगवर फोडतात. आधीच्या मॅनेजर मॅडमनी उद्याच्या डिस्चार्जची यादी आदल्या संध्याकाळीच मागवायला सुरुवात केली. औषधं रात्रीच परत जायची, समरीचा मसुदा तयार असायचा. तुम्ही असं काही केलं असेल तर ‘उत्तम समन्वय’ खोडा आणि यादी कोण करायचं, कुणाकडे जायची ते लिहा.

हळदबाजार: कॅशलेस डिस्चार्ज ३ तासांत व्हायलाच हवा, २०२४ पासून नियमच आहे. तेवढं टाका.

बिलिंग काउंटर: ते ३ तास विमा कंपनीला आहेत, हॉस्पिटलने डिस्चार्जची मंजुरी मागितल्यापासून. फाइल आपल्याकडेच दुपारपर्यंत पडून राहिली तर ती वेळ त्यात धरत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्यापासून फाइल पाठवेपर्यंतची वेळ वेगळी दाखवा, ती तुमच्या हातात असते.

आणि ‘बिलिंग अचूक’ तर नकोच. किती बिलं तपासली, त्यातली किती दुरुस्त करावी लागली, ते सांगा. पेशंट सकाळी आयसीयूतून वॉर्डात आला, सिस्टीममध्ये शिफ्टिंगची नोंद रात्री झाली, की बिलात एक दिवस आयसीयूचाच दर लागतो, आणि तिकडे आयसीयूचा रिकामा बेड भरलेला दिसतो. असा प्रकार तुम्ही थांबवला असेल तर त्या एकाच उदाहरणात तुमचे तिन्ही मुद्दे येतात. ओटीतलं सामान बिलात घालायचं राहिलं, तीही चूकच धरा.

कृष्णाकाठ: शिफ्टिंगची नोंद वॉर्डात बेड देतानाच व्हावी, हे आम्ही सुरू केलंय. पण सध्याच्या हॉस्पिटलचे आकडे बाहेर द्यायचे का?

बिलिंग काउंटर: वेळ आणि टक्के द्या. उत्पन्न आणि पेशंटची नावं अजिबात नकोत.

मिरज ओपीडी: मी मालक असतो तर टक्केसुद्धा आवडले नसते. आज त्यांचे दिलेत, उद्या माझे द्याल.