कर्जखात्याचा पूर्ण उतारा कसा मागावा?

«बँक म्हणते पाच हजार दंड बाकी आहे. उतारा मागितला तर एका वर्षाचाच दिला. पत्रात नेमकं काय लिहू?»

पत्रात नुसतं ‘स्टेटमेंट द्या’ लिहिलंत, तर पुन्हा एका वर्षाचाच उतारा हातात पडेल. कर्जखाते क्रमांक आणि मंजुरीपत्राची तारीख टाकून असं लिहा: ‘मंजुरीच्या तारखेपासून आजपर्यंतचा, प्रत्येक नावे-जमा नोंद तारखेनुसार दाखवणारा सविस्तर उतारा द्यावा. दंड, विमा, तपासणी, हप्ता परत गेल्याचे शुल्क वेगवेगळ्या शीर्षांखाली दाखवावे. व्याजदर कधी किती बदलला तेही नमूद करावे. वादग्रस्त रक्कम मंजुरीपत्राच्या कोणत्या कलमानुसार लावली, ते कळवावे.’ पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या, तोंडी ‘बघतो’वर घरी येऊ नका.

उतारा मिळाला की दंड मुद्दलात मिसळला का, ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या 2023च्या परिपत्रकानुसार दंडावर पुढे व्याज लावता येत नाही; जुन्या कर्जांना हे 2024च्या मध्यापासून लागू झालं. समजा बाकी 12,00,000 आणि दर 9 टक्के. दिवसांवर आकारणी असेल, तर 30 दिवसांचं व्याज 8,877 रुपये. उताऱ्यात 8,914 दिसले, तर ते 12,05,000 वर लावलंय, म्हणजे पाच हजार आत शिरलेत. काही बँका वर्षाचे बारा भाग करतात, तेव्हा आधी करारातली पद्धत बघा.

लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. तिथे ती शिक्क्याची पोच जोडा.