मदत हवी आहे: पुल-ऑफ केला की सूर मरतो

पिकहरवला
एक फ्रेज फक्त डाव्या हाताने वाजवायची आहे. तिसऱ्या तारेवर ५-७-९-७-५, मग दुसऱ्या तारेवर ५-६-८ आणि शेवटी ८ वरून १० वर स्लाइड. चढताना बरं वाजतं. ९ वरून ७ वर आलो की आवाज जवळजवळ जातो, आणि दुसऱ्या तारेचा ५ तर ऐकूच येत नाही. करंगळीचे व्यायाम कृपया सांगू नका, ते करून झालेत. नेमकं काय चुकतंय?

लाकडी_पेटी
गिटार कोणती? अकूस्टिक असेल तर आधी तारा बदला. दहाचा सेट लावा, निम्मे प्रश्न तिथेच संपतील. ॲक्शन किती आहे तेही बघा.

खर्जातला
तारांवर जाण्याआधी तीन गोष्टी सांगा. ७ आणि ९ वर कोणती बोटं ठेवता? पहिला ५ पिकने छेडता की तोही बोट आपटून? आणि ९ सोडल्यावर जो ७ थोडाफार ऐकू येतो तो सुरात असतो की चढा?

काचेची_नळी
स्लाइडसाठी काच करंगळीत घाला, म्हणजे बाकीची तीन बोटं मोकळी राहतात. तार फ्रेटच्या पट्टीच्या बरोब्बर वर धरायची, मागे नाही. फार दाबायचं नाही, नाहीतर काच पट्टीवर आपटते.

पिकहरवला
काचेबद्दल विचारलेलं नाही. बोटाने घसरत जायचं आहे.
अकूस्टिक, बाराचा सेट. ७ वर अनामिका, ९ वर करंगळी. पहिला ५ बोट आपटूनच. ७ चढा लागतो का हे बघितलंच नव्हतं. आत्ता बघितलं. हो, जरा चढा आहे.

खर्जातला
मग दुखणं सापडलं. करंगळी तार खाली ओढते तेव्हा ७ वरचं बोट तार जागेवर धरत नाही, तेही तारेबरोबर ओढलं जातं. अशाने दोन गोष्टी होतात. तार ताणली गेल्याने सूर चढतो, आणि करंगळीने दिलेला झटका तारेत न उतरता खालच्या बोटाच्या मांसात जिरतो. दोष करंगळीच्या ताकदीचा नाही.

आधी बोटं बदला. ५-७-९ साठी तर्जनी, मधलं, करंगळी. अनामिका आणि करंगळी एकमेकींना बांधल्यासारख्या हलतात. त्यांच्यात दोन फ्रेटचं अंतर ठेवलं की अनामिका तिरकी पडते आणि तारेला आडवा आधार देऊच शकत नाही. मधलं बोट तिथे सरळ उभं राहतं.

मग इतर सगळं सोडून फक्त ९-७ घ्या. करंगळी ९ वर दाबण्याआधीच मधलं बोट ७ वर पूर्ण दाबलेलं हवं. आता करंगळी वर उचलू नका. टोक जमिनीच्या दिशेने, दुसऱ्या तारेकडे आत घ्या, जणू तीच पिक आहे. हालचाल दोन-तीन मिलिमीटरची, बोटाच्या मुळापासून. मनगट वळलं तर झटका मोठा होतो आणि सूर पुन्हा चढतो. ट्यूनर समोर ठेवा. काटा ७ वर येताना वर उडून खाली बसत असेल तर मधलं बोट अजून सरकतंय.

लाकडी_पेटी
बाराच्या सेटची तिसरी तार गुंडाळलेली असते, म्हणून जड जातं. पातळ तारांवर एवढं सगळं करावंच लागत नाही.

खर्जातला
हॅमर-ऑन सोपा होईल, हे मान्य. पण पातळ तार आडवी लवकर सरकते, म्हणजे चढ्या सुराचा दोष वाढेल. ॲक्शन मात्र मोजा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली तीन मिलिमीटरच्या वर असेल तर आधी गिटार सेटअपला द्या.

तालाचा_कच्चा
माझी अडचण वेगळी आहे, धागा पळवतोय त्याबद्दल सॉरी. असं दहा मिनिटं वाजवलं की अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. अंगठा काढूनच टाकावा का?

सम_चुकली
थांबा मग. दुखत असताना वाजवू नका, आणि रोजच होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कारण बहुधा असं की हॅमर-ऑनचा आवाज वाढवायला तुम्ही अंगठ्याने चिमटा घट्ट करताय. तो आवाज दाबण्याने वाढत नाही, बोट किती वेगात आणि पट्टीच्या किती जवळ पडतं त्यावर वाढतो. दोन पट्ट्यांच्या मधोमध पडलं तर तार खरखरते, पट्टीवरच पडलं तर सूर दबतो. सूर लागला की जेमतेम टिकेल एवढाच दाब ठेवा.

पिकहरवला
९-७ सुधारलं! मधल्या बोटाने ७ आता सुरात येतो. पण दुसऱ्या तारेचा ५ अजून मेलेलाच. आणि तर्जनी उचलली की मोकळी तिसरी तार वाजते.

सम_चुकली
तो पिकने छेडा ना. एका सुरासाठी एवढी कसरत कशाला?

खर्जातला
त्यांनी फक्त डावा हात म्हटलंय.
तिथली खरी अडचण ही की दोन्ही तारांवरचा ५ एकाच बोटाकडे आहे. तर्जनी चटकन सुटते तेव्हा ती नकळत तिसऱ्या तारेला पुल-ऑफ करते, म्हणून मोकळी तार बोलते. म्हणून दोन टप्प्यांत सोडा. आधी दाब काढा, पण स्पर्श ठेवा. सूर बंद झाला की मगच बोट उचलून दुसऱ्या तारेवर टाका. उंची सेंटिमीटरभर पुरे. टाकताना टोक जरासं पुढे जाऊ द्या, म्हणजे ते तिसऱ्या तारेला टेकून तिला गप्प ठेवेल. पहिली तार तर्जनीच्या पोटाने झाकली जाते. तर्जनी आडवी करून दोन्ही तारांवर लोळवू नका, कारण त्यात आपटणंच नाही आणि आवाज येणार नाही.

दोन सुरांत बारीकशी फट राहील. ती नकोच असेल तर दुसऱ्या तारेचा ५ गाळून थेट ६ वर मधलं बोट आपटा. ते पडेपर्यंत तर्जनी तिसऱ्या तारेवर धरलेली राहते, मग नुसता दाब काढायचा.

पिकहरवला
५ गाळला तर फ्रेज बदलते. मला तीच हवी आहे.

सम_चुकली
मग फट ऐकत बसा. नाहीतर अँप आणि गेन. गेन वाढवलं की लहान-मोठे सूर एका पातळीवर येतात.

खर्जातला
अकूस्टिकला कुठलं गेन? आणि गेनवर मोकळी तारही तेवढीच मोठी होते.

पिकहरवला
स्लाइडचं कोणी बोललंच नाही. १० वर पोचेपर्यंत आवाज संपतो.

तालाचा_कच्चा
मींड घेतो तसं हळू जायचं असेल ना?

खर्जातला
हळू नको. स्लाइडला नवीन झटका मिळत नाही, ८ मध्ये जे उरलंय त्यावरच ती चालते. शिवाय मधल्या ९ च्या पट्टीवर तार घासली जाते, त्यात अजून थोडं जातं. म्हणून ८ करंगळीने जोरात टाका आणि सूर ताजा असतानाच निघा. बहुतेकांचा दाब निघताना सैल होतो. आठव्या फ्रेटवर जेवढा दाब, तेवढाच दहाव्यापर्यंत. अंगठा मानेवर चिकटून राहिला तर करंगळी एकटीच लांबते आणि दाब जातो, तेव्हा अंगठा बरोबर सरकू द्या. नजर १० च्या पट्टीवर. तिच्या अलीकडे थांबायचं, वर चढायचं नाही. पोचल्यावर हलकं व्हायब्राटो दिलं की सूर उठून दिसतो.

काचेची_नळी
काचेने हे सगळं आपोआप होतं. फक्त तारांची उंची थोडी वाढवावी लागेल.

पिकहरवला
स्लाइड जमली, पाचात तीनदा. दुसऱ्या तारेच्या ५ ची फट अजून आहे. ती ऐकू न येता कोणी वाजवत असेल तर सांगा, कसं ते.