मदत हवी आहे: हिंदीतला ‘कल’, काल की उद्या?

सोलापुरातल्या चादर व्यापाऱ्यांना येणारे हिंदी निरोप मी मराठीत करून देते. आपल्याकडे काल वेगळा, उद्या वेगळा. हिंदीत दोन्हींना ‘कल’च. ‘आया’, ‘आएगा’ असं क्रियापद असलं की प्रश्न मिटतो. घोडं अडतं ते ‘कल माल भेजना था’ इथे. ‘था’ बघून काल लिहावं, तर पुढे ‘गाड़ी मिलेगी?’ येतं, म्हणजे माल उद्याचा, ‘था’ नुसता अदबीचा. ‘गाड़ी नहीं आई’ असेल तर कालचाच. पण निरोप ‘था’वरच संपला आणि पाठवणारा फोन उचलत नसला तर? ‘परसों’ असता तर आपला परवा मागे-पुढे दोन्हीकडे चालतो. ‘कल’ला तशी सोय नाही. तुम्ही अशा वेळी दोन्ही अर्थ देता, की आधीचे निरोप बघून ठरवता?