मदत हवी आहे: स्पिनला वॉशिंग मशीन जागेवरून सरकतं

आमचं सात किलोचं फ्रंट लोड मशीन ड्राय बाल्कनीत आहे. स्पिन १००० च्या पुढे गेला की ते धडधडत पुढे येतं, काल तर चार बोटं सरकलं आणि ड्रेन पाइप ताणला गेला. सासूबाई आता मशीन लावायलाच घाबरतात.

तिथल्या फरशीला जाळीच्या बाजूला उतार आहे. लेव्हल बॉटल वर ठेवली तर डावी-उजवीकडे बुडबुडा मधोमध येतो, पुढे-मागे थोडा सरकतो. पण समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबले की मागचा उजवा पाय टकटक वाजतो, म्हणजे तो अधांतरी आहे. तो पाना लावून खाली घेतला की डुलणं थांबतं, पण चार-पाच धुण्यांनंतर पुन्हा तेच. पायावरचा लॉकनट मी वर फिरवून मशीनच्या तळाला घट्ट केला नव्हता, पाय त्यामुळेच फिरत असेल का?

मागचे ट्रान्सपोर्ट बोल्ट काढलेले आहेत. एकटी जाड चादर टाकत नाही, कपडे मिसळूनच टाकते. रिकाम्या ड्रमवर स्पिन शांत होतो, म्हणून शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले नसावेत असं वाटतं, पण खात्री नाही.

उताराच्या बाजूचा पाय बराच बाहेर काढावा लागतोय, त्याने तो लटपटतो. त्याखाली फरशीचा तुकडा चिकटवावा, की बाल्कनीचा तेवढा कोपरा सिमेंटने सपाट करून घ्यावा? रबरी पॅड लावून कुणाचं थांबलंय का? कृपया अनुभव सांगा.