मदत हवी आहे: बाजार उलटल्यावरही मोमेंटमच्या यादीने घसरते शेअर का सोडले नाहीत?

गंगापूर_रोड: मी नाशिकमध्ये राहतो. मोमेंटम म्हणजे आधी चढलेले शेअर घेण्याची पद्धत वापरतो: दर महिनाअखेर निफ्टी 200 मधील शेअरांचा बारा महिन्यांचा परतावा, शेवटचा महिना वगळून, काढतो आणि वरचे वीस शेअर ठेवतो. सप्टेंबर 2024 अखेर 200 रुपयांना घेतलेला एक शेअर ऑक्टोबरअखेर 180 वर आणि नोव्हेंबरअखेर 150 वर आला, तरी तो यादीत वरच होता, कारण नोव्हेंबर 2023 अखेर त्याचा भाव 100 होता. माझ्या शीटमध्ये 80 टक्के वाढ दिसत होती आणि खात्यात 25 टक्के तोटा. शीट चुकली आहे का?

निफाडचा_बागाईतदार: आमच्याकडे कांद्याचे हेच होते. भाव चढला की सगळे लावतात, मग कोसळतो.

शेअरवाला_काका: हा मोमेंटम क्रॅश आहे, 2009 सारखाच. तेव्हाही आधी चढलेले शेअर कोसळले होते.

जुनी_वही: बागाईतदार, कांद्याचा भाव नव्या लागवडीमुळे पडतो, शेअरचे कारण निराळे असते. काका, क्रॅश खरा, पण त्याचा तपशील उलटा आहे. डॅनियल आणि मॉस्कोविट्झ यांच्या अभ्यासानुसार मार्च ते मे 2009 मध्ये अमेरिकेत आधी चढलेले शेअर सुमारे 8 टक्के वाढले होते, आणि आधी सर्वांत आपटलेले 163 टक्के. ज्यांनी आपटलेले शेअर उसने घेऊन आधीच विकून ठेवले होते, म्हणजे शॉर्ट केले होते, ते बुडाले. प्रश्नकर्त्याने फक्त खरेदी केली असल्याने त्यांचे दुखणे वेगळे आहे.

शीट बरोबर आहे. जगदीश आणि टिटमन यांनी 1993 मध्ये दाखवले की तीन ते बारा महिने पुढे असलेले शेअर पुढचे काही महिनेही सरासरीने पुढे राहतात. चांगली बातमी भावात हळूहळू उतरते आणि नफ्यातला शेअर लोक लवकर विकतात, हे त्याचे एक पटणारे कारण मानले जाते. शेवटचा महिना वगळतात, कारण अगदी अलीकडची हालचाल बऱ्याचदा उलटते. पण त्यामुळेच तुमच्या शेअरची 180 वरून 150 ही घसरण नोव्हेंबरच्या यादीला दिसलीच नाही. वळण उशिरा दिसणे हा या पद्धतीचा अंगभूत खर्च आहे.

गंगापूर_रोड: मग दोनशे दिवसांच्या सरासरीखाली गेलेला शेअर विकावा का?

जुनी_वही: लांबलेल्या मंदीत उपयोग होतो. पण भाव सरासरीच्या आजूबाजूला घुटमळू लागला की दर वेळी वर घेऊन खाली विकावे लागते, आणि वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर 20 टक्के कर लागतो. चढउतार वाढले की गुंतवलेली रक्कम कमी करणे मला अधिक पटते. मात्र त्यासाठी कोणती पातळी धरावी, यावर माझेही मत पक्के झालेले नाही.

शेअरवाला_काका: म्हणजे 2009 मध्ये फक्त खरेदी करणारेही सुटले नाहीतच, बाजार उसळला आणि ते मागे राहिले.

जुनी_वही: मागे राहिले, हे मान्य.