27 जूल म्हणजे नक्की काय?

>> प्रमाणपत्रावर उणे 20 अंशाला 27 जूल आहेत, मग तिथपर्यंत बिनधास्त वापरा.

असहमत. शार्पी चाचणीत खाच पाडलेला पोलादाचा नमुना हातोड्याच्या एका फटक्यात तोडतात आणि त्याने शोषलेली ऊर्जा जूलांत मोजतात. हा आकडा पोलादाच्या प्रतवारीसाठी आहे, वापराची हमी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या तडकलेल्या लिबर्टी मालवाहू जहाजांच्या प्लेटा अमेरिकेत तपासल्या, तेव्हा जिथून तडा सुरू झाला त्या प्लेटांनी अपघाताच्या तापमानाला बहुधा 14 जूलांहून कमी ऊर्जा शोषली होती. त्यावरून साधारण 20 जूलांची मर्यादा रूढ झाली. पण ती त्या काळच्या सौम्य पोलादाची, त्या जाडीची.

शार्पी नमुना फक्त 10 मिमी जाड असतो. 50 मिमी प्लेटमध्ये खाचेपाशी धातूला आडवं आकसायला वाव मिळत नाही, म्हणून ठिसूळपणा जास्त तापमानालाच सुरू होतो. म्हणूनच जाड प्लेटची चाचणी वापराच्या तापमानाहून बरीच खाली घ्यायला सांगतात. आणि जूलांबरोबर तुटलेला पृष्ठभागही बघा: चकचकीत दाणेदार भाग जास्त असेल तर तुम्ही चिवटपणाकडून ठिसूळपणाकडे होणाऱ्या संक्रमणाच्या खालच्या, ठिसूळ टोकाशी आहात.