प्रतिसाद: एकच घर

> "शांत खेळीवर जिंकलेला डाव, यावर कुणीतरी छोटी गोष्ट लिहा ना."

घ्या. जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी. सातवीतल्या मुलीचा पांढरा राजा डी४ वर, प्यादं ई२ वर. समोर डी६ वर नुसता काळा राजा. खेळी तिची. हात प्याद्याकडे निघाला. दोन घरं? (मी तेच केलं असतं.) पण मग काळा राजा ई६ वर येणार, तिच्या राजाला प्याद्यापुढे जाताच येणार नाही आणि डाव बरोबरीत. तिने हात मांडीखाली दाबला. मग ई३. एकच घर. काळा ई६ वर आला, तिचा राजा ई४ वर. आता बाजूला सरायची पाळी त्याची. तो डी६ वर गेला, ती एफ५ वर. समोरच्या मुलाने हार मानून घड्याळ थांबवलं.